ई-ऑफिस सुरू आहे, पण कागद काही थांबत नाही

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत मी नुकतीच शिरस्तेदार म्हणून रुजू झाले आहे. ई-ऑफिस येऊन काही महिने झाले, पण सगळे अजून कागदी फाईलच फिरवतात. संध्याकाळी कुणीतरी बसून ते सगळं कॉम्प्युटरवर चढवतं. वरून रोज आकडे मागतात. जुने केसवर्कर सरळ सांगतात, "मॅडम, आमच्याच्यानं हे व्हायचं नाही." निम्मा स्टाफ मराठी आहे, टिपणी मात्र कन्नडमध्ये लिहायची. चार लोकांना मेमो दिले तर बाकीचे वठणीवर येतील का?

उत्तर:

मेमो आत्ता देऊ नका. कधी द्यायचे ते पुढे सांगतो.

तुमच्या प्रश्नातलं "संध्याकाळी कुणीतरी चढवतं" हे वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. याचा अर्थ तुमच्या कचेरीत ई-ऑफिस अजून आलेलंच नाही, फक्त एक जादा काम आलंय. दिवसभर कागदावर फाईल चालवायची आणि तीच फाईल संध्याकाळी पुन्हा स्क्रीनवर चालवल्याचं दाखवायचं, याला कुठलाही शहाणा माणूस विरोधच करील. तुमचे केसवर्कर जे कुरकुरतात त्यातलं निदान अर्धं रास्त आहे. महसूल खात्यात सगळी नोकरी झाली, त्यातला बराच काळ अशा बदलांच्या मागेपुढे गेला, म्हणून सांगतो: कागद आणि स्क्रीन दोन्ही चालू राहिले तर दर वेळी कागदच जिंकतो. साहेबांची सही कागदावर होते, आणि सही जिथं होते तिथंच काम होतं.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. 2000 च्या सुमारास जमिनीचे उतारे कॉम्प्युटरवर आणणारी 'भूमी' आली तेव्हा तलाठी मंडळींचा विरोध काही कमी नव्हता. हातानं उतारा लिहून देणं हा त्यांच्या हातातला मोठा कारभार होता. तरी भूमी टिकली, कारण ज्या तालुक्यात भूमीचं केंद्र सुरू झालं तिथं हातानं लिहिलेला उतारा बंद करण्यात आला. पंधरा रुपये भरा, कॉम्प्युटरचा उतारा घ्या, दुसरी वाटच ठेवली नाही. आणि त्याआधी भरलेल्या माहितीचे छापील कागद त्याच तलाठ्यांकडून तपासून, सह्या घेऊन पक्के केले होते. आधी माहिती त्यांच्या हातून तपासून घेतली आणि मग जुनी वाट बंद केली. हा क्रम लक्षात ठेवा, कारण पुष्कळ कचेऱ्यांत तो उलटा होतो किंवा दुसरी पायरी कधी येतच नाही.

आता तुमच्या कचेरीकडे वळू. कागद बंद करण्याआधी कोण कशामुळे अडतंय ते ओळखावं लागेल. बैठक घेऊन विचारलंत तर सगळे एकच उत्तर देतील, "नेट स्लो आहे मॅडम." त्यापेक्षा आठवडाभर काही न बोलता चार गोष्टी बघा.

एक, टपाल कितीच्या सुमारास डायराइज होतं ते बघा. सगळ्या नोंदी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान पडलेल्या असतील तर दिवसभराचं टपाल वहीत गेलं आणि संध्याकाळी एकदम चढलं. दोन, एखाद्या फाईलची हालचाल उघडा. केसवर्करकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून तहसीलदारांकडे आणि परत, हे सगळं सात-आठ मिनिटांत झालेलं दिसलं तर ती फाईल कुणी वाचलेली नाही. एकच माणूस सगळ्यांचे पासवर्ड घेऊन बसलाय. तीन, टिपण्या वाचा. ओळीनं सगळीकडे "सादर", "पाहावे", "मान्य" एवढंच असेल तर खरी टिपणी कागदावर आहे. चार, डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, डोंगलं कुठं आहेत ते बघा. बऱ्याच कचेऱ्यांत ती सगळी ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये सापडतात, पिन नंबर चिकटवून.

ही चौथी गोष्ट दिसली तर तिच्यासाठी थांबू नका, त्याच दिवशी बोला. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 मध्ये आला तेव्हापासून त्या सहीला हातच्या सहीइतकीच किंमत आहे. उद्या एखादी चुकीची वारसा नोंद त्या डोंगलनं मंजूर झाली तर चौकशीत नाव ऑपरेटरचं येणार नाही. ऑपरेटर बहुधा कंत्राटी असतो, तो निघून जाईल. नाव येईल ज्याची सही आहे त्याचं, पेन्शनला दोन वर्षं राहिलेल्या माणसाचं. हे एकेकाला बाजूला घेऊन, आवाज न चढवता सांगा. पासवर्ड परत घ्यायला माणसं स्वतःहून येतात. धाक दाखवायचा तर असा, त्यांच्याच भल्याचा.

आठवडाभरात तुम्हाला दिसेल की विरोध तीन जातींचा आहे. कुणाचा हात चालत नाही, कुणाच्या खुर्चीची किंमत कमी होते, आणि कुणाला घड्याळाची भीती वाटते. तिघांनाही एकच औषध दिलं, म्हणजे ट्रेनिंग, तर फक्त पहिल्याला गुण येतो.

हातापासून सुरुवात करू. आपल्या भागात याचं सगळ्यात मोठं कारण 'नुडी' आहे असं मी म्हणतो, तेव्हा बेंगळूरचे लोक हसतात. पण बघा. तुमच्या केसवर्करनं गेली पंधरा-वीस वर्षं जुन्या नुडीच्या फाँटमध्ये टाइप केलंय. त्याच्या कॉम्प्युटरवर शेकडो नमुने आहेत: नोटिशीचा, जाहीर प्रकटनाचा, वरच्या कचेरीला पाठवायच्या अहवालाचा. पहिल्या दिवशी त्यानं त्यातला एक उचलून ई-ऑफिसच्या टिपणीत चिकटवला आणि समोर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. तो मजकूर युनिकोड नव्हता, जुन्या पद्धतीच्या फाँटचा होता, म्हणून तसं झालं. पण त्याला हे कुणी सांगितलं नाही. त्यानं ठरवलं की हे सॉफ्टवेअर बिघडलेलं आहे, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच ठरवलं असतं.

यावर उपाय अर्ध्या दिवसाचा आहे. युनिकोड चालवणारी नवी नुडी प्रत्येक मशीनवर टाका आणि कीबोर्डची मांडणी त्यांची सवयीची तीच ठेवा. बोटांना नवीन काहीच शिकावं लागत नाही, हे त्यांना करून दाखवा. नुसतं सांगून विश्वास बसत नाही. मग प्रत्येक सेक्शनचे रोज लागणारे दहा-पंधरा नमुने कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून द्या. कन्व्हर्टर जोडाक्षरात आणि अर्कावतात कुठं कुठं चुकतो, म्हणून ते नमुने ज्याचे त्यालाच एकदा वाचायला लावा. एवढं झालं की "व्हायचं नाही" म्हणणाऱ्यांतले बरेचजण गप्प बसून कामाला लागतात.

मराठी स्टाफची अडचण थोडी निराळी आहे आणि ती कुणी तोंडानं सांगत नाही. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीणकडची ही मंडळी बोलतात मराठी, लिहितात कन्नड, आणि हातानं बरं लिहितात. पण कागदावरच्या टिपणीतली ऱ्हस्व-दीर्घाची चूक कचेरीतच राहते. स्क्रीनवरची टिपणी एसी, डीसींपर्यंत जशीच्या तशी जाते आणि एकदा ती ग्रीन नोट झाली की खोडता येत नाही. पन्नाशीतल्या माणसाला ही लाज फार बोचते. तो "डोळ्याला त्रास होतो" म्हणेल, "चष्मा बदलायचाय" म्हणेल, पण हे म्हणणार नाही. त्याला येलो नोट शिकवा. ती कच्ची टिपणी असते, साठवून ठेवता येते, शेजारच्या कन्नड पक्क्या असलेल्या सहकाऱ्याला बोलावून दाखवता येते, दुरुस्त करता येते, आणि खात्री झाल्यावरच पक्की करायची असते. शिकवताना खुशाल मराठीत समजावा. टिपणी कन्नडमध्ये हवी, समजावणं कुठल्या भाषेत याला कुणाची हरकत नसते.

आणि ट्रेनिंग जिल्ह्याच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून होतं त्यावर फार भिस्त ठेवू नका. तिथं मागच्या रांगेत बसून लोक जेवणाची वेळ बघत असतात. त्याच्याच टेबलावर, त्याच्याच मशीनवर, आज आलेल्या खऱ्या अर्जावर दोन तास बसा. सरावाच्या खोट्या फाईलवर शिकलेलं टिकत नाही.

नेटचं काय? नेट आणि करंट खरंच जातो, नाही कोण म्हणतं. पण त्याची एक साधी वही ठेवा: कधी गेलं, कधी आलं, कुणी लिहिलं. ही वही दोन्हीकडून उपयोगी पडते. अडचण खरी असेल तर तारीखवेळेसह वरच्या कचेरीला लिहिता येतं. आणि नेट दिवसातून पाऊण तासच जातंय असं निघालं, तर उरलेल्या दिवसाचं कारण दुसरं कुठलं तरी आहे हे सगळ्यांच्या समोर येतं. स्कॅनरबद्दलही एक सांगतो, पटकन. पानं काळ्या-पांढऱ्यात 200 डीपीआयवर स्कॅन करायची सवय लावा. रंगीत, जास्त डीपीआयवर केलेली चाळीस पानांची फाईल चढायलाच इतका वेळ लागतो की माणूस कंटाळतो आणि दोष नेटला देतो.

आता खुर्चीची गोष्ट. ही जरा सावकाश सांगतो.

एका तालुका कचेरीत टपालाला एक जुने गृहस्थ होते. कुठला अर्ज कधी आला, कुठल्या सेक्शनला गेला, सध्या कुणाच्या टेबलावर आहे, सगळं तोंडपाठ. साहेबसुद्धा फाईल सापडेना की त्यांनाच हाक मारायचे. ई-ऑफिस आलं आणि ते शोधायच्या खिडकीत आलं, कुणालाही दिसायला लागलं. त्यांनी उघड विरोध केला नाही, उलट टपाल नियमानं डायराइज करायचे. पण महिनाभरात सगळी कचेरी म्हणू लागली की या सॉफ्टवेअरमध्ये शोधलं तर काही सापडत नाही, आणि लोक पुन्हा त्यांच्याच टेबलाकडे वळले.

बसून बघितलं तेव्हा कारण कळलं. विषयाच्या रकान्यात नुसतं "अर्ज" किंवा "वारसा बाबत" एवढंच भरलेलं होतं. जिथं नाव होतं तिथं तेच आडनाव तीन तऱ्हेनं. जाधव एका नोंदीत 'ध' घालून, दुसऱ्या नोंदीत 'द' घालून, तिसऱ्या ठिकाणी इंग्रजीत. आपल्याकडची मराठी नावं कन्नडमध्ये लिहिताना प्रत्येकजण कानाला येईल तसं लिहितो, आणि मशीन अक्षर बघतं, कान लावत नाही. यात त्या गृहस्थांची लबाडी नव्हती, निदान सगळी नव्हती. विषय कसा भरायचा हे कुणी ठरवूनच दिलं नव्हतं.

मग तेच काम त्यांना दिलं. आपल्या कचेरीत अर्ज मुळात किती तऱ्हेचे येतात आणि विषय कुठल्या क्रमानं लिहिला म्हणजे पाच वर्षांनी आलेल्या माणसालाही तो सापडेल, हे तुम्ही ठरवून द्या म्हटलं. त्यांनी दोन दिवस घेतले. ठरला तो क्रम असा: आधी गाव, मग सर्व्हे नंबर हिश्शासकट, मग कामाचा प्रकार, आणि शेवटी अर्जदाराचं नाव, उताऱ्यावर जसं आहे तसंच. म्हणजे "अमुक गाव, 112/2, वारसा नोंद, अमुक अमुक". नावात घोळ होणारच हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून शोध नंबरावर बसवला. आकड्याला ध आणि द नसतात. कामाच्या प्रकारांचीही त्यांनी यादी केली, त्या यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही असं ठरवलं, आणि ती छापून काचेखाली ठेवली. फाईल हेडसुद्धा त्या यादीवरूनच बसवले. आधी ते राजधानीतल्या कचेरीच्या नमुन्यावरून उचललेले होते आणि तालुक्याच्या कामाला लागूच पडत नव्हते.

दोन-तीन आठवड्यांत शोध लागायला लागला, आणि नवा ऑपरेटर अडला की त्यांनाच विचारायला लागला. खुर्चीची किंमत राहिली, फक्त ती कशामुळे आहे ते बदललं. स्वतःची छोटी वही ते शेवटपर्यंत खिशात बाळगत होते. ती काढून घेण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. ती कचेरीची वही नव्हती.

तुमच्या कचेरीतही असा एखादा माणूस असणारच, आणि बहुधा तोच सगळ्यात जास्त कुरकुरत असेल. त्याला "तुम्ही सहकार्य करा" असं सांगू नका. त्याच्या डोक्यात जे आहे ते नियमात उतरवायचं काम द्या. रेकॉर्ड रूमचंही तसंच. मुंबई प्रांताच्या वेळची आपल्याकडची दफ्तरं मराठीत आहेत, काही मोडीत. जुन्या कागदांचं स्कॅनिंग निघालं की ते वाचणारा एखादाच माणूस शिल्लक असतो. त्याला बाजूला बसवून कंत्राटी पोरांकडून स्कॅन करून घेतलंत तर पानं चढतील, पण कुठल्या गावाचं कुठलं पान हे नाव चुकीचं पडेल, आणि मग ते पान असून नसल्यासारखं.

तिसरी जात घड्याळवाल्यांची. यातले काही साधे भित्रे असतात. फाईल आपल्याकडे किती दिवस पडली हे वरच्याला दिसणार, एवढीच त्यांची धास्ती. त्यांना एक सवय लावा: कागद अपुरे असतील, मोजणीचा अहवाल आला नसेल, तर त्याच दिवशी दोन ओळींची टिपणी करून फाईल पुढं किंवा मागं पाठवायची. मग दिवस त्यांच्या नावावर पडत नाहीत. हे एकदा कळलं की घड्याळ त्यांना आपल्या बाजूचा साक्षीदार वाटायला लागतं.

पण काहींची कमाईच उशिरावर चालते. हे गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. हे लोक कधी विरोध करत नाहीत, बैठकीत मान डोलावतात. त्यांची खूण एकच: अर्ज टपालात न येता थेट टेबलावर येतो, बहुतेक वेळा गेटवरच्या एजंटाच्या हातून, आणि काम 'जमल्यावर' मागाहून नोंदवला जातो. मुदतीत सरकारी सेवा देण्याचा 'सकाल' कायदा आला त्या वेळी हेच झालं होतं. 2012 पासून सेवेला मुदत लागली, उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अर्जदाराला द्यायचे. मुदत सकालचा नंबर पडल्यापासून मोजायची. म्हणून काहीजण नंबरच टाकेनात. अर्ज कच्चा ठेवायचा, काम होत आलं की नोंद करायची, म्हणजे सगळी कामं मुदतीत. अहवालात कचेरी पहिली आणि बाहेर लोकांची रांग तशीच.

यावर एकच गोष्ट चालते. कुठलाही कागद टपालाच्या खिडकीशिवाय आत घ्यायचा नाही, आणि खिडकीवर अर्जदाराच्या हातात नंबर द्यायचा, तिथल्या तिथं. दाराशी पाटी लावा, कन्नडमध्ये, आणि खाली मराठीतही तोच मजकूर असला तर शेतकऱ्याला विचारत फिरावं लागत नाही. नंबर हातात असलेला माणूस पंधरा दिवसांनी तुमच्यापुढं येऊन उभा राहतो, तीच तुमची तपासणी. एवढं करूनही एखाद्या टेबलावर बिननंबरी कागद सापडत राहिले, तर त्याला शिकवत बसू नका, टेबल बदला.

आता कागद बंद कसा करायचा. सगळ्या कचेरीत एकदम करू नका. आणि सुरुवात जमिनीच्या सेक्शनपासून तर नकोच, तिथं जुन्या फाईली जाड, पक्षकार तापलेले आणि वकील दारात. सुरुवात आस्थापना सेक्शनपासून करा. रजा, वेतनवाढ, जीपीएफचा अ‍ॅडव्हान्स, प्रवासभत्ता. इथं अर्जदार तुमचा स्टाफच असतो. आपला रजेचा अर्ज कुणाच्या इनबॉक्समध्ये पडलाय हे ज्यानं एकदा स्वतःच्या स्क्रीनवर बघितलं, त्याला हे सॉफ्टवेअर कशाला आलंय ते पुन्हा समजावून सांगावं लागत नाही. कागदी रजेचा अर्ज अमुक तारखेपासून घेतला जाणार नाही, एवढंच पत्रक काढा.

तारीख निवडताना आपला जिल्हा लक्षात घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेला पाणी आलं की चिकोडी, निपाणी, अथणीकडची कचेरी पुराच्या कामात जाते. डिसेंबरच्या सुमारास सुवर्ण विधानसौधात अधिवेशन भरलं की निम्मा स्टाफ बंदोबस्त आणि व्यवस्थेत. निवडणूक असेल तर विचारूच नका. सप्टेंबरच्या सुरुवातीला किंवा जानेवारीत करा, सलग दोन महिने हातात राहतील असं बघून.

त्या तारखेला सेक्शनचं आवक रजिस्टर मागवा, शेवटच्या नोंदीखाली लाल रेघ मारा, तारीख घाला, सही करा आणि कपाटात बंद करा. हे सगळ्यांच्या देखत करा. चालू असलेल्या जुन्या फाईली पानोपान स्कॅन करायला लावू नका, लोक तिथंच बसतात. शेवटची टिपणी, आतापर्यंतचे आदेश आणि पुढं लागणारी चार कागदं एवढंच चढवा, मूळ फाईलचा नंबर आणि ती कुठल्या रॅकवर आहे ते पहिल्या टिपणीत लिहा, आणि पुढचं सगळं स्क्रीनवर. ज्या फाईली महिन्या-दोन महिन्यांत निकाली निघणार आहेत त्या कागदावरच संपू द्या.

यानंतर सगळं तहसीलदारांवर आहे. पहिल्या आठवड्यात कुणीतरी "सर, अर्जंट आहे" म्हणून कागद घेऊन केबिनमध्ये शिरणार, हे नक्की. त्या एका कागदावर सही झाली की दुपारपर्यंत सगळ्या कचेरीला कळतं आणि रजिस्टर कपाटातून बाहेर येतं. म्हणून आधीच साहेबांशी बसून ठरवा की कागदावर काय चालेल: कोर्टाच्या तारखेचं, निवडणुकीचं, आपत्तीचं, बस्स. बाकी कागद हसतमुखानं परत. ते याला तयार नसतील तर तारीख पुढं ढकला, पण अर्धवट सुरू करू नका.

एक मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक विरोध तुमच्या पातळीवर सुटणारा नसतो. 2024 च्या सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा 2025 च्या फेब्रुवारीत ग्राम आडळित अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या तलाठ्यांनी, राज्यभर आंदोलन केलं. एकामागून एक मोबाईल अ‍ॅप गळ्यात मारायची, आणि त्यासाठी साधनं, बसायला जागा काही द्यायचं नाही, ही त्यांची तक्रार होती. ती शिरस्तेदारानं समजूत घालून मिटणारी नव्हती. तुमचे व्हीए असं काही म्हणाले तर वाद घालू नका. कुठलं काम दोन अ‍ॅपमध्ये दोनदा भरावं लागतं याची त्यांच्याकडून यादी घ्या, आणि ती जशीच्या तशी वर पाठवा. तुमच्या हातातलं एक मात्र करा: अ‍ॅपमध्ये भरलेली माहिती पुन्हा एक्सेलमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागणं बंद करा. त्यांचा निम्मा राग तिथला असतो आणि तो तालुका कचेरीनंच निर्माण केलेला असतो.

वरून मागतात ते आकडे द्या, त्याला इलाज नाही. पण "किती फाईली तयार केल्या" हा आकडा स्टाफपुढं कधी ठेवू नका. तो ठेवला की एका अर्जाच्या तीन फाईली होतात. तुमच्यापुरते दोनच आकडे बघा, दर सोमवारी. कपाटात कागदी जोडीदार नसलेल्या फाईली किती झाल्या, आणि सात दिवसांहून जास्त काळ कुणाच्या इनबॉक्समध्ये किती पडून आहेत. दुसरा आकडा वाढला म्हणून लगेच कुणावर तुटून पडू नका. आधी त्यांतल्या दोन-तीन फाईली उघडून बघा. पुष्कळदा एकाच कारणानं अडलेल्या असतात, मोजणी खात्याचं उत्तर नाही, असं काहीतरी.

आणि मेमो. तारीख उलटून महिना झाला, नमुने करून दिले, शेजारी बसून शिकवलं, तरीही एखादा माणूस कागदावरच फाईल चालवतोय किंवा दुसऱ्याच्या पासवर्डनं सही करतोय, तर मग द्या. त्यात "असहकार" असला मोघम शब्द नको. अमुक तारखेला अमुक नंबरचा अर्ज टपालाबाहेर स्वीकारला, अमुक दिवशी नोंदवला, एवढंच लिहा. पुढं 1957 च्या शिस्तीच्या नियमांखाली जायची वेळ आली तर हाच कागद टिकतो. हात सावकाश चालतो म्हणून मात्र कुणाला मेमो देऊ नका. एकाला दिलात की उरलेले सगळे पुन्हा ऑपरेटरकडे पासवर्ड देऊन मोकळे होतील.

राहता राहिली बदली. मे-जूनमध्ये आदेश निघाले की केसवर्कर चार्ज देऊन जातो, चार्जच्या यादीत कपाटाच्या चाव्या, रजिस्टरं, स्टँपपॅडसुद्धा असतो, आणि ई-ऑफिसमधल्या साठ फाईली त्याच्या नावावर तशाच राहतात. नवा माणूस येतो, त्याला काही दिसत नाही, तो अर्जदाराला म्हणतो नव्यानं अर्ज द्या, आणि तिथून कागद परत सुरू होतो. कार्यमुक्तीच्या आदेशावर सही व्हायच्या आधी त्याच्या इनबॉक्समधल्या फाईलींची यादी छापून चार्ज रिपोर्टला जोडा, लोकल अ‍ॅडमिनकडून त्या नव्या माणसाच्या नावावर करून घ्या, आणि डोंगल आणि लॉगिनचं काय झालं ते त्याच रिपोर्टवर लिहून घ्या.